आधी ओळखा, मग ओढा: अडलेली शेळी सोडवताना

निरणातून खूर दिसले की धरायचे आणि ओढायचे, ही सवय आपल्याकडे वाडीवाडीत आहे, आणि करडं मरतात ती बहुधा इथेच. दिसणारे दोन पाय एकाच करडाचे आहेत का, ते पुढचे आहेत की मागचे, आणि डोकं कुठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं हाताला मिळेपर्यंत ओढायचं नसतं. डोकं मागे वळलेलं असताना पाय ओढले तर मान आणखी दुमडते आणि जे पाच मिनिटांत सुटलं असतं ते पुरतं अडकतं.

हा लेख तेवढ्यापुरताच आहे. करडू आडवंतिडवं बसलं आहे हे कसं ओळखायचं, नेहमी दिसणाऱ्या तीन अडचणी कशा सोडवायच्या, आणि हात कधी बाहेर काढून डॉक्टरांना बोलवायचं. मी शेळीबद्दल लिहितो आहे, पण दिवाळीनंतर घाटावरून खाली उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांनाही हीच कृती लागू पडते. कोकराचं डोकं आणि खांदे जरा रुंद असतात, म्हणून तिथे जागा आणखी कमी मिळते.

## १. तयारी: व्यायच्या आठ दिवस आधी

शेळी साधारण १५० दिवसांनी विते. चार-पाच दिवस इकडे-तिकडे. बोकड दाखवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असेल तर १४० वा दिवस उलटला की तयारीला लागा. शेळ्या लाकडी माचावर बांधत असाल तर व्यायला आलेली शेळी खाली उतरवा. फळ्यांच्या फटीत ओल्या करडाचा पाय अडकतो, आणि माचावर वाकून हात घालायला जागाही नसते. पडवीत किंवा मांगराच्या कोपऱ्यात कोरडी जमीन, त्यावर भाताचा स्वच्छ पेंढा, एवढं पुरे.

एका बादलीत हे सामान भरून झाकून ठेवा:

- लांब बाह्यांचे प्लॅस्टिकचे हातमोजे, आणि त्यावर घालायला दवाखान्यात वापरतात तसे नायट्राइलचे पातळ मोजे.
- मेडिकलमध्ये मिळणारी लुब्रिकेटिंग जेली, किमान दोन-तीन ट्यूब. ती नसेल तर लिक्विड पॅराफिन, तेही नसेल तर न फोडलेल्या बाटलीतलं खोबरेल. तेल वापरणार असाल तर साधे रबरी मोजे नकोत, तेलाने ते फाटतात.
- तीन सुती दोऱ्या, प्रत्येकी हातभर. परकराची नवी नाडी उत्तम. दोन पांढऱ्या पायांसाठी, एक रंगीत डोक्यासाठी. पाण्यात दहा मिनिटं उकळून, वाळवून, स्वच्छ पिशवीत ठेवा. सुंभ किंवा नायलॉनची दोरी कातडी कापते.
- पोव्हिडोन आयोडीन, साबण, टिंचर आयोडीन, जुने पण धुतलेले टॉवेल, थर्मामीटर.
- डोक्याला लावायची बॅटरी. पावसात वीज नेमकी रात्री जाते आणि मोबाइलचा उजेड धरायला तिसरा माणूस लागतो.

याहून महत्त्वाची तयारी म्हणजे माणूस ठरवणं. घरात सर्वांत लहान आणि सडपातळ हात कोणाचा, ते आजच बघून ठेवा. लहान चणीच्या शेळीत पुरुषाचा रुंद पंजा कटीच्या हाडांतून आत जातच नाही, मग जोर लावला जातो. ज्याचा हात जातो त्याने हात घालायचा. घरचा कर्ता कोण, हा प्रश्न इथे नाही. नखं कापलेली हवीत. अंगठ्या आणि बांगड्या काढायच्या.

सावध: गरोदर बाईने व्यालेल्या शेळीच्या, वारेच्या किंवा पाण्याच्या जवळही जाऊ नये. ब्रुसेलासारखे काही रोग यातून माणसाला होतात, आणि त्यांतल्या काहींनी गर्भ पडतो. बाकीच्यांनीही मोज्यांशिवाय हात घालायचा नाही.

आणखी एक काम: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि रात्री येऊ शकणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, तसंच फिरत्या पथकाचा 1962 हा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. सड्यावर रेंज कुठे मिळते तेही पाहून ठेवा. गाडी कोणाची मिळेल हे शेजाऱ्याला आधीच विचारलेलं बरं.

## २. घड्याळ लावा

सुरुवातीला शेळी अस्वस्थ होते, पायाने जमीन उकरते, कळपातून बाजूला जाते, ऊठबस करते. हे दोन तास चालेल किंवा बारा तासही. पहिलारू शेळीत जास्त. या काळात गर्भपिशवीचं तोंड उघडत असतं. इथे हात घालून काही मिळत नाही, उलट आत जखम आणि घाण होते. तिला पाणी द्या आणि लांबून पाहा.

खरं घड्याळ सुरू होतं ते जोराच्या कळा लागल्यावर. शेळी पाय ताणून, ओरडत जोर करते, पाणमोट दिसते किंवा फुटते. तिथून हे लक्षात ठेवा:

- जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकलं नाही, तर हात घालून पाहा.
- पाणमोट फुटून अर्धा तास झाला आणि खूर-नाक दिसत नाही, तरी हात घाला.
- एक करडू झालं, कळा चालू आहेत आणि अर्ध्या तासात दुसरं नाही, तरी तेच.
- नुसतं डोकं बाहेर, नुसती शेपटी दिसते, किंवा एकच पाय बाहेर आहे, तर थांबायचं कारण नाही. लगेच पाहा.

फसवणारी गोष्ट अशी, की करडाचा पुठ्ठा तोंडाशी बसला असेल तर शेळी बऱ्याचदा जोर करतच नाही. सकाळपासून नुसती उभी, चारा सोडलेला, थोडा चिकट स्राव. ‘अजून वेळ आहे’ म्हणून संध्याकाळ होते आणि आतलं करडू मरतं. पान्हा उतरलाय, निरण सैल आहे, शेळी दिवसभर अस्वस्थ आहे आणि कळा मात्र नाहीत, तर ती शेळी तपासायची आहे असं धरा.

सावध: या टप्प्यावर कुणी ‘कळा वाढवायचं इंजेक्शन द्या’ असं सुचवेल. देऊ नका. करडू आडवं असताना किंवा पिशवीचं तोंड बंद असताना कळा वाढवल्या तर पिशवी फाटते. ते इंजेक्शन कधी द्यायचं हे डॉक्टरच आत तपासून ठरवतात.

## ३. हात घालणे

शेळीचं डोकं एकाने खांद्याशी धरावं. मागचा भाग उंच हवा: पेंढ्याच्या गठ्ठ्यावर मागचे पाय टेकवा, किंवा मदतनीसाने मागचे पाय मांडीवर उचलून धरावेत. मागची बाजू वर गेली की आतडी आणि पिशवी पुढे सरकतात आणि आत काम करायला जागा मिळते. अडचण आल्यावर ही गोष्ट करायला कोणालाच सुचत नाही, म्हणून ती आधीच करून घ्या.

निरण आणि शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा. शेवटी चहाइतपत फिकट केलेलं पोव्हिडोन आयोडीनचं पाणी ओता. साबण बाहेर धुण्यापुरताच. आतला चिकटपणा तो धुऊन टाकतो. मोज्यांवर मूठभर जेली लावा. पाणमोट फुटून बराच वेळ झाला असेल तर आत कोरडं पडलेलं असतं, तेव्हा जेली सुईविना मोठ्या सिरिंजने आतही सोडा. दोन चमचे लावून भागत नाही.

पाची बोटं जुळवून निमुळता हात करा आणि दोन कळांच्या मधे हळूहळू आत सरका. कळ आली की जिथे आहात तिथेच थांबा. कळेच्या विरुद्ध जोर केला तर हात दुखतो आणि पिशवी फाटते.

तपासा: हात आत जाताना कडक रिंगण लागतं का? दोन-तीन बोटंच जातात आणि भोवती घट्ट कडं आहे, तर पिशवीचं तोंड उघडलेलं नाही. बोटांनी ताणून ते उघडायचा प्रयत्न करू नका. आतली वाट पिळलेल्या कपड्यासारखी वळ्यावळ्यांची लागली तर पिशवीला पीळ पडलेला असतो. दोन्ही वेळी हात बाहेर आणि डॉक्टरांना फोन.

## ४. हाताला काय लागतं ते ओळखा

या टप्प्यावर घाई करू नका. डोळे मिटून घेतले तरी चालेल, हातानेच पाहायचं आहे.

नीट बसलेलं करडू असं येतं: पुढचे दोन पाय पुढे, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि दोन्ही गुडघ्यांवर टेकलेलं नाक. एवढं मिळालं तर अडचण फक्त आकाराची किंवा कोरडेपणाची आहे.

पाय पुढचा की मागचा, हे ओळखण्याची खात्रीची खूण सांध्यांत आहे. खुरापासून वर बोट न्या. खुराच्या वरचा पहिला सांधा वाकवून पाहा, मग त्याच्या वरचा. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय. पहिला एका बाजूला आणि दुसरा उलट बाजूला वाकला, शिवाय दुसऱ्या सांध्यामागे टोकदार हाड लागलं, तर तो मागचा पाय. नुसत्या तळव्यावरून ठरवू नका. तळवे वर असले की मागचे पाय असं साधारण असतं, पण पाठीवर उलटलेल्या करडाचे पुढचे पायही तळवे वर करून येतात.

दोन पाय एकाच करडाचे आहेत का? एका पायावरून बोट न्या, खांद्यापर्यंत, तिथून छातीवरून पलीकडे, आणि दुसऱ्या पायावरून परत खुरापर्यंत या. बोट कुठेही न सुटता परत आलं तर करडू एकच. कोकण कन्याळ जातीच्या शेळ्यांत जुळी काही नवलाची नाहीत, म्हणून एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय वाटेत आलेला सापडतो. तसं असेल तर जे करडू जवळ आहे त्याच्या पायाला नाडी बांधा आणि दुसऱ्याला तळहाताने आत सरकवा.

जिवंत आहे का, तेही आत्ताच पाहा. खुरांच्या मधे चिमटा घेतला की पाय आखडतो, तोंडात बोट घातलं की चोखतं, पुठ्ठा पुढे असेल तर गुदद्वारात बोट लागताच ते आवळतं. प्रतिसाद नाही म्हणजे मेलंच असं नाही, पण आखडलं तर जिवंत आहे हे नक्की.

## ५. पहिली अडचण: पाय मागे राहिलेला

डोकं आलं, एक पाय आला, दुसरा खाली पोटाशी दुमडलेला. किंवा नुसतं डोकं बाहेर, दोन्ही पाय मागे. डोकं बराच वेळ बाहेर राहिलं तर ते सुजतं, जीभ निळी पडते, आणि लोक मेलं समजून जोरात ओढतात. नाळेतून रक्त चालू असेपर्यंत असं करडू जगू शकतं. तोंडात बोट घालून पाहा.

आधी डोक्याला रंगीत नाडी लावा. फास दोन्ही कानांच्या मागून घेऊन पुढे तोंडातून जाऊ द्या, लगाम घालतो तसा. मानेभोवती कधीही नाही. जो पाय आला आहे त्यालाही पांढरी नाडी, खुराच्या वरच्या सांध्याच्या वर. आता भरपूर जेली लावून, दोन कळांच्या मधे डोकं तळहाताने आत लोटा. नाड्या बाहेर राहिल्याने डोकं हरवत नाही.

जागा झाली की मानेवरून खाली खांद्यावर, तिथून कोपरावर हात न्या. कोपराच्या खाली पकडून गुडघा वर आणि पुढे आणा. गुडघा दुमडलेला असतानाच हात खुरापर्यंत सरकवा, खूर तळहातात पूर्ण झाका, आणि मग पाय सरळ करा. खूर उघडा ठेवून पाय फिरवला तर त्याच्या टोकाने पिशवी चिरते. दुसऱ्या पायासाठीही हेच. डोकं, दोन पाय, तिन्ही एका रांगेत आले की ओढायला तयार.

शेळी मोठी, करडू लहान आणि एकच पाय मागे असेल तर ते तसंच निघूनही येतं. पण पहिलारू शेळीत हा जुगार खेळू नका.

## ६. दुसरी अडचण: पाय आहेत, डोकं नाही

ही सर्वांत फसवी. बाहेर दोन सुंदर खूर दिसतात, म्हणून सगळे ओढतात. खूण अशी, की ओढलं की पाय थोडे येतात आणि सोडलं की परत आत जातात.

कुडाळजवळच्या एका वाडीतला प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळे टप्पे आले. श्रावणातली रात्र, पाऊस, वीज गेलेली. शेळी पहिलारू, गावठी, लहान चणीची, आणि बोकड दाखवलेला होता मोठ्या जातीचा संकरित. असा जोड लागला की करडू एकटं आणि मोठं होण्याचा धोका असतो. पाणमोट सव्वानऊला फुटली. पावणेदहाला दोन खूर बाहेर, नाक नाही. घरच्या मुलाने दोन-तीनदा ओढून पाहिलं होतं. शेजारच्या काकी आल्या, त्यांचा हात तिथे सर्वांत बारीक. पहिलंच वाक्य त्यांचं: “ओढू नको रे, आधी आत काय हा ता बघूया.”

त्यांनी दोन्ही पायांना नाड्या बांधल्या, मुलाला मागचे पाय मांडीवर घ्यायला लावलं आणि जेली लावून हात घातला. सांधे एकाच दिशेला वाकत होते, म्हणजे पाय पुढचे. छातीवरून बोट फिरवलं, दोन्ही एकाच करडाचे. पण छातीच्या पुढे जिथे डोकं हवं तिथे नुसती मान, डावीकडे वळलेली. मानेवरून पुढे गेल्यावर कान लागला, कानावरून डोळ्याची खोबण, मग जबडा. चोखलं. जिवंत.

इथे त्यांनी पाय ओढले नाहीत, उलट छातीला तळहात लावून करडू आत लोटलं. नाड्यांची टोकं बाहेर होती, म्हणून पाय गेले तरी काळजी नव्हती. मान वळवायला जागा झाली. मग रंगीत नाडीचा फास बोटांवर घेऊन कानांमागे सरकवला आणि तोंडातून ओढून घेतला. याला वेळ लागतो, दोनदा निसटतो. त्यानंतर करडाचं नाक-तोंड मुठीत झाकून डोकं आधी आत आणि मग वळसा घेऊन पुढे आणलं. करडाला जन्मतःच दात असू शकतात, म्हणून तोंड झाकायचं. नाडी फक्त डोकं वाटेवर ठेवायला. सगळा जोर तिच्यावर टाकला तर मान तुटते. खालच्या जबड्यात बोट अडकवून ओढलं तर जबडा मोडतो.

काकींनी हात घालतानाच मुलाला घड्याळ पाहायला सांगितलं होतं, आणि गाडीवाल्यालाही फोन केला होता: पंधरा मिनिटांत डोकं वळलं नाही तर शेळी टेम्पोत. डोकं बारा-तेरा मिनिटांत आलं. गाडी तयार ठेवली होती म्हणून त्यांना घाई करावी लागली नाही, हे मला या प्रसंगातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मान वळून तशीच ताठ झालेली असेल, बोटं कानापर्यंतही पोचत नसतील, तर ही अडचण घरी सुटणारी नाही.

## ७. तिसरी अडचण: पायाळू करडू आणि नुसती शेपटी

मागचे दोन पाय आधी आले तर करडू फिरवायचं नाही. ते तसंच निघतं. फक्त एक लक्षात घ्या: पुठ्ठा बाहेर आला की नाळ कटीच्या हाडात दबते आणि डोकं अजून आत असतं. करडू आत श्वास घ्यायला बघतं आणि पाणी नाकात जातं. म्हणून पुठ्ठा येईपर्यंत सावकाश, आणि तिथून पुढे न थांबता.

शेपटी हाताला लागते आणि पाय नाहीत, तेव्हा दोन्ही मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असतात. असं करडू ओढून निघत नाही. पुठ्ठ्याला तळहात लावून करडू आत आणि किंचित वर लोटा. एका पायाच्या मागच्या टोकदार हाडापर्यंत पोचा. तो सांधा पूर्ण दुमडून बाहेरच्या बाजूला, म्हणजे शेळीच्या कुशीकडे ढकला आणि त्याच वेळी खूर तळहातात झाकून आतल्या बाजूने, मध्यरेषेवरून वाटेत आणा. सांधा बाहेर, खूर आत, हा क्रम चुकला की पाय अडकतो. एक पाय आला की नाडी लावा, मग दुसरा. पिशवी फाटण्याचा धोका या कामात सर्वांत जास्त आहे, म्हणून आधी कधी केलेलं नसेल तर डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात येणार असतील तोवर थांबणं चांगलं.

## ८. आता ओढा

नाडीचा फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, आणि त्याखाली आणखी एक अर्धी गाठ, म्हणजे जोर दोन जागी विभागतो. एका पायाला दुसऱ्यापेक्षा थोडं पुढे घ्या. दोन्ही खांदे एकदम न येता तिरके येतात. ओढायचं कळेबरोबर, कळ थांबली की आपणही थांबायचं. दिशा सरळ मागे नाही. पाय आणि डोकं बाहेर आलं की खाली, शेळीच्या कासेकडे वळवत ओढा.

जोर किती? एका माणसाच्या हाताचा. पाय टेकून, पाठ ताणून किंवा दोघांनी मिळून ओढावं लागत असेल तर काहीतरी चुकलेलं आहे. परत आत हात घालून पाहा.

## ९. थांबायचं कधी

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर नाड्या तशाच राहू द्या, हात बाहेर काढा आणि फोन करा:

- पिशवीचं तोंड उघडलेलं नाही किंवा पीळ पडलेला आहे.
- काय बसलंय ते हाताला कळतच नाही. न कळता ओढलेलं काहीही अंदाजपंचेच असतं.
- पंधरा मिनिटं प्रयत्न केला आणि करडाची स्थिती सुधारली नाही. घड्याळ दुसऱ्याने धरावं. आत हात असणाऱ्याला वेळ कळत नाही.
- सगळं सरळ आहे, तरी तीन-चार कळांत कळेबरोबर ओढून पुढे येत नाही. करडू मोठं असू शकतं, शस्त्रक्रिया लागेल.
- लालभडक रक्त धारेने येतं, किंवा हाताला आतडी लागल्यासारखं वाटतं.
- दुर्गंधी येते, करडाचे केस हातात येतात, दाबलं की कातडीखाली हवा कुरकुरते. मेलेलं आणि कुजायला लागलेलं करडू घरी ओढलं तर शेळीही जाते.
- शेळी मान टाकते, हिरड्या पांढऱ्या पडतात.

डॉक्टरांना सांगताना चार गोष्टी नेमक्या सांगा: पाणमोट किती वाजता फुटली, काय दिसतंय, हाताला काय लागलं, तुम्ही काय केलंत. ओढून पाहिलं असेल तर तेही सांगा. लाजून लपवलं तर डॉक्टर आत फाटलं असेल का हे तपासायला उशीर करतात. शेळी न्यायची असेल तर मागचा भाग उंच ठेवून न्या. बाहेर आलेला पाय किंवा डोकं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा. वाटेत ओढू नका.

## १०. सुटल्यावर

करडाच्या नाकातोंडातला चिकट साका पुसा, डोकं क्षणभर खाली धरा, गवताची काडी नाकात फिरवा, टॉवेलने जोरात चोळा. नाळ तुटली की टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. शेळीला चाटू द्या. ओढून काढलेलं करडू दमलेलं असतं आणि स्वतः कासेला लागत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजायचाच. दोन किलोच्या करडाला एका वेळी साधारण १०० मिलि, पहिल्या दिवसात तीन-चार वेळा. चोखत नसेल आणि तोंड थंड असेल तर आधी ऊब द्या, मग चीक. तोंडात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातो.

आत आणखी करडू आहे का ते पाहा: कासेच्या पुढे पोटाखाली दोन्ही तळहात लावून हलकं वर उचला, कडक गोळा हाताला आदळला तर आहे. शंका राहिली तर स्वच्छ हाताने आत पुन्हा पाहा.

हात आत गेला म्हणजे आत घाण गेलीच, असं समजून चाला. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक, सूज-दुखीचं औषध आणि धनुर्वाताचं इंजेक्शन काय द्यायचं ते ते ठरवतील. मनाने गोळ्या आणून घालू नका.

वार आपोआप पडते. बारा तास झाले तरी पडली नाही तर डॉक्टरांना कळवा, पण लोंबणारी वार ओढू नका आणि तिला वजनही बांधू नका. पडलेली वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कातळावर खड्डा खणणं सोपं नाही, पण उथळ पुरलेली वार कुत्री उकरतात आणि रोग वाडीभर फिरतो.

पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सोडला किंवा स्राव दुर्गंधीचा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना. लालसर तपकिरी, वास नसलेला स्राव दोन-तीन आठवडे थोडाथोडा येत राहतो. त्याला औषध लागत नाही.